ऑडिओ मिक्सर आणि 'तीन रेझिस्टर पुरे' हा दावा

"ऑप-अँपचा मिक्सर ही नुसती हौस आहे. प्रत्येक चॅनलला 10 के रेझिस्टर लावा, दुसरी टोकं एकत्र जोडा, पुढे ॲम्प्लिफायर लावा, झालं काम. ऑप-अँप वापरायचाच असेल तर इनपुट रेझिस्टरच्या जागी पॉट लावा, हवा तो गेन मिळतो. चॅनल कितीही वाढवा, काही फरक पडत नाही. आणि इन्व्हर्टिंग सर्किटने आवाज उलटा होतो, म्हणून तो पातळ लागतो."

एक ठरावीक उदाहरण धरून बोलू. भजनी मंडळासाठी तीन चॅनलचा मिक्सर हवा आहे: प्रीॲम्पमधून आलेला गायकाचा माइक, बफर लावलेला पेटीचा पिकअप आणि तानपुऱ्यासाठी मोबाइल. माइकचं शिखर साधारण 0.3 व्होल्ट, पेटीचं 0.5, मोबाइलचं 1.4. गेन अनुक्रमे 4.7, 2.2 आणि 1 हवा.

आधी नुसत्या रेझिस्टरचं पाहू. तीन 10 के एकत्र जोडले की एका चॅनलच्या सिग्नलला बाकीचे दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे 5 के, ग्राउंडकडे जाताना दिसतात. त्यामुळे जोडावर त्याचा एक तृतीयांशच उरतो. साडेनऊ डेसिबल गेले. हे पुढे ॲम्प्लिफायरने भरून काढता येतं, त्यावर माझी तक्रार नाही. स्रोत ठरलेले असतील आणि कोणी काही हलवणार नसेल तर ही पद्धत चालते. पण भजनात मोबाइलची पिन मध्येच काढली की गायक आणि पेटी एक तृतीयांशावरून एकदम अर्ध्यावर जातात, म्हणजे साडेतीन डेसिबलने चढतात. कोणी काही न करता आवाज वाढला, हे समोर बसलेल्यालाही कळतं. शिवाय जोडावर प्रत्यक्ष व्होल्टेज असल्यामुळे प्रत्येक स्रोताचा थोडा सिग्नल दुसऱ्याच्या आउटपुटात मागे शिरतो.

ऑप-अँप नेमका हा जोडच शांत करतो. प्लस पिन ग्राउंडला, फीडबॅक रेझिस्टर आउटपुटपासून मायनस पिनपर्यंत, आणि सगळे इनपुट रेझिस्टर त्याच मायनस पिनवर. फीडबॅकमुळे ती पिन जवळपास शून्य व्होल्टवर धरली जाते. मग प्रत्येक चॅनलचा करंट फक्त त्याच्या स्वतःच्या व्होल्टेजवर आणि रेझिस्टरवर ठरतो, शेजारी कोण आहे त्यावर नाही:

```
Vout = -(Rf/R1·V1 + Rf/R2·V2 + Rf/R3·V3)
```

Rf 22 के घेतला तर माइकला 4.7 के (गेन 4.68), पेटीला 10 के (2.2) आणि मोबाइलला 22 के (1). सगळ्या किमती दुकानात सहज मिळतात. मात्र स्रोताचा स्वतःचा रेझिस्टन्स इनपुट रेझिस्टरमध्ये मिळवावा लागतो. प्रीॲम्पचा आउटपुट रेझिस्टन्स 1 के असेल तर माइकचा गेन 22 भागिले 5.7, म्हणजे 3.86 इतकाच येईल. पेटीला बफर लावला तोही याचसाठी. पिएझो पिकअप सरळ 10 के वर टाकला तर खर्ज जवळजवळ नाहीसा होतो.

तिन्ही शिखरं एकाच क्षणी आली तर आउटपुट 1.4 अधिक 1.1 अधिक 1.4, म्हणजे 3.9 व्होल्टपर्यंत जाईल. इथे धरलेला ऑप-अँप टीएल072 आहे, आणि त्याचं आउटपुट पुरवठ्याच्या दोन्ही टोकांपासून साधारण दीड व्होल्ट आत थांबतं. दोन 9 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर हे आरामात बसतं. एकाच बॅटरीवर मधला बिंदू काढून चालवलात तर 3 व्होल्टलाच शिखरं कापली जातील. तपासायला सोपं आहे. मायनस पिनवर, म्हणजे पिन 2 वर, स्कोप लावा. सगळं ठीक असेल तर तिथे ऐकू येणाऱ्या पट्ट्यात काही मिलिव्होल्टच दिसतात. मोठा सिग्नल दिसला तर ऑप-अँप क्लिप होतोय किंवा फीडबॅक तुटलाय.

पॉटच्या सल्ल्याचा राग यावा इतका तो पसरला आहे. 50 के चा पॉट इनपुटला सिरीजमध्ये लावला की पूर्ण कमी केल्यावरही गेन 0.44 उरतो, चॅनल बंदच होत नाही. दुसऱ्या टोकाला 5 के वर गेन 4.4, 1 के वर 22. सगळा फरक शेवटच्या टप्प्यात कोंबलेला. आणि 100 ओहमपर्यंत फिरवला तर? मोबाइलच्या चॅनलवर कोणी असं केलं की नॉइज गेन, म्हणजे ऑप-अँपचा स्वतःचा आवाज जितक्या पटीने बाहेर येतो तो गेन, 220 च्या पुढे जातो. टीएल072 ची गेन-बँडविड्थ 3 मेगाहर्ट्झ आहे, तिला या गेनने भागलं की सगळ्या मिक्सची वरची मर्यादा 13-14 किलोहर्ट्झवर येते. एक नॉब फिरवला आणि गायकाच्या आवाजातलं तेज गेलं! इनपुट रेझिस्टर ठरावीकच ठेवा आणि त्याच्या आधी 10 के चा लॉग पॉट व्होल्टेज डिव्हायडर म्हणून लावा, मधली पिन रेझिस्टरकडे. नॉबच्या मधल्या जागी मधल्या पिनचा रेझिस्टन्स मिळवल्याने गेन थोडा कमी येतो, पण बाकीच्या चॅनलच्या गेनला धक्का लागत नाही.

चॅनल वाढवण्याची किंमत याच नॉइज गेनमध्ये लपलेली आहे. तो 1 अधिक सगळ्या गेनची बेरीज इतका असतो. आपल्या मिक्सरमध्ये 8.9. प्रत्येक सिग्नलचा गेन ठरवलेलाच राहतो, पण ऑप-अँपचा स्वतःचा आवाज मात्र 8.9 पटीने बाहेर येतो. लाइन पातळीवर टीएल072 च्या बाबतीत तो फार नाही. खरा त्रास ग्राउंडचा: प्लस पिनचं ग्राउंड आणि इनपुट सॉकेटचं ग्राउंड यांच्यात 1 मिलिव्होल्ट गुणगुण असेल तर तीही जवळजवळ 9 मिलिव्होल्ट होते. म्हणून प्लस पिनचं ग्राउंड पुरवठ्याच्या लांब वायरवरून न घेता सॉकेटच्याच बिंदूवरून घ्या. पॉट शून्यावर नेल्याने नॉइज गेन कमी होत नाही, कारण मधली पिन ग्राउंडवरच बसते. न वापरलेला चॅनल स्विचने तोडावा लागतो.

राहिला पातळ आवाज. अख्खा मिक्स एकत्र उलटला तर कानाला तो सहसा कळत नाही. त्याच माइकचा सिग्नल दुसऱ्या वाटेनेही स्पीकरला जात असेल तर मात्र दोन वाटा एकमेकांना खोडतात. त्यावर टीएल072 मधला दुसरा ऑप-अँप (पिन 5, 6, 7) आहेच. दोन 22 के लावून त्याने पुन्हा उलटा करा. पण असा आवाज आला की मी आधी इनपुटचा कपॅसिटर पाहतो. कटऑफ त्या चॅनलच्या रेझिस्टरवर ठरतो, त्यामुळे एकच किंमत सगळीकडे चालत नाही. माइकच्या 4.7 के समोर 0.1 मायक्रोफॅरड लावला तर कटऑफ 340 हर्ट्झच्या आसपास येतो आणि पुरुषी आवाजाचा पायाच जातो. तिथे 10 मायक्रोफॅरड लावा, म्हणजे तो साडेतीन हर्ट्झच्या खाली जाईल. मोबाइलच्या 22 के ला 1 मायक्रोफॅरडही पुरतो.