हू मिळकत म्हणजे कोण?

परवा रजिस्ट्रार कचेरीबाहेरच्या टायपिंगच्या टपरीत एका अनोळखी आजोबांनी मला विचारलं, "सायब, तुमाला लिवता येतंय न्हवं?" बावीस वर्षं मी सांगलीत वकिलांचा कारकून होतो. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं किती लिहिली याचा हिशेब नाही. आणि हा प्रश्न मला, तोही भडंगाचा पुडा हातात धरून, मधूनमधून शेंगदाणा शोधत.

झालं होतं एवढंच की घराचा तळमजल्यावरचा गाळा एका बेकरीवाल्याला भाड्याने द्यायचा होता. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर. टपरीतल्या पोराने संगणकातला ठेवणीतला नमुना काढून दिला. चार पानं. पहिल्याच पानावर एकोणतीस 'सदर'. सदर मालक, सदर भाडेकरू, सदर गाळा, सदर गाळ्याची सदर मोरी.

आमच्याकडे वाड्याला सदर असायची. तिथे मालक बसायचे, बाकीचे अंगणात उभे. शब्द मुळात अरबी, अर्थ छाती, पुढचा भाग, मानाची जागा. वर उल्लेखलेला तो सदर. सोबत सदरहू, सदरील, उक्त, मजकूर अशी सगळी भावकी. जुन्या कागदांत 'मौजे मजकूर' म्हणजे 'ते वर सांगितलेलं गाव'. पुढे मजकुराचा अर्थ लिहिलेलं सगळंच असा झाला आणि तो बिचारा वर्तमानपत्रात गेला. सदरही गेलं, तिथे त्याला निदान रविवारी जागा मिळते. पण दस्तात मात्र मोरीसुद्धा सदरेवर बसलेली.

मी पेन्सिल घेतली. या कामाची माझी रीत सोपी आहे. 'सदर'वर बोट ठेवायचं, वाक्य त्याच्याशिवाय वाचायचं आणि स्वतःला विचारायचं, कुठला? करारात मालक एकच, भाडेकरू एकच. तिथे सदर नुसता बसलेला, उठवा. गाळ्याचं पहिल्या कलमात वर्णन करून पुढे 'यापुढे यास गाळा असे म्हटले आहे' असं लिहिलेलं असेल, तर त्यानंतर 'सदर गाळा' लिहिणं उलट घातक. वाचणाऱ्याला वाटतं, एक सदर गाळा आहे, म्हणजे कुठेतरी बिनसदरचाही असणार. एकदा बारसं केलं की त्याच नावाने हाक मारावी, दर वेळी 'सदर बाळ' म्हणू नये.

इंग्रजी दस्तांतही हाच रोग होता. आमचे एक वकील 'द सेड प्रिमायसेस' असं दर ओळीला सांगायचे. पण इंग्रजांची सोय अशी की 'सेड' काढला तरी मागे 'द' उरतो आणि तो बोट दाखवत राहतो. मराठीत 'द' नाही. 'सदर भिंतीस खिळे मारू नयेत' यातला सदर नुसता उडवला तर 'भिंतीस खिळे मारू नयेत' उरतं, आणि हा नियम गाळ्याच्या भिंतीसाठी की एकंदर भिंतजातीसाठी, हे कळत नाही. तिथे 'गाळ्याच्या भिंतीस' असं लिहावं लागतं. काही ठिकाणी 'हा', 'ती', 'त्या' एवढ्यानेही भागतं. म्हणजे खोडण्याचं काम अर्धं, उरलेलं अर्धं त्या रिकाम्या जागी काय बसवायचं ते ठरवण्याचं.

हे सगळं मी पेन्सिलीने नीट केलं होतं. पोराला म्हटलं, "एवढे बदल कर." त्याने पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या, जांभई दिली आणि म्हणाला, "काका, एका झटक्यात काढतो." शोधा आणि बदला. शोधा: सदर. बदला: काहीच नाही. मी चष्मा पुसत होतो. चष्मा घालेपर्यंत प्रिंट निघाली होती आणि ती निघाली आजोबांच्या बाजूने.

आजोबा तासगावकडचे. धोतर, टोपी, बक्षीसपत्र करायला आलेले. त्यांचा नंबर माझ्यामागे होता, म्हणजे माझा कागद हा त्यांच्या मार्गातला अडथळा होता आणि म्हणून त्यांचाच विषय. त्यांनी कागद उचलला, हात लांब करून धरला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"हू मिळकत... हू मिळकत लिहून देणार यांच्या मालकी वहिवाटीची..." ते थांबले. "हू म्हंजे कोण?"

पोराने 'सदरहू'तलं 'सदर' काढलं होतं. हू राहिला होता.

"आणि ह्ये काय? 'ील जागेचा वापर'. ही वेलांटी कशाला लोंबकळतीया?" तो 'सदरील'. रांगेतले चार लोक हसले. त्यातला एक झेरॉक्सवाला होता, त्याला तर हसायचा काही अधिकारच नव्हता.

मी म्हटलं, "आबा, ही मशीनची चूक आहे. मी सदर काढायला सांगितले होते."

"कशापायी?"

"उगीच असतात म्हणून."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गावच्या देवळाचा कळस उगीच असतो म्हणालो. "आवो, सदर न्हाई तर कागदाला वजन काय ऱ्हायलं? माझ्या आज्याच्या कागदात बगा, एका वळीत तीन-तीन सदर."

"मग काय झालं त्या जमिनीचं?"

"गेली की भावकीत. चौदा वरसं कोर्टात."

मला वाटलं संपलं. पण आबांनी दुसरं पान काढलं आणि तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. मूळ नमुन्यात ते असं होतं: 'लिहून घेणार यांनी अनामत रक्कम रु. 60,000 व दरमहा भाडे रु. 8,000 देण्याचे कबूल केले असून सदर रक्कम मुदतीअखेर परत करण्यात येईल.' इथे मी पेन्सिलीने 'सदर'च्या जागी 'ती' लिहिलं होतं, आणि नेमकी एवढी एकच खूण पोराने हाताने टाईप केली होती.

"'ती रक्कम परत करण्यात येईल'," आबा म्हणाले. "कंची ती? साठ हजार का भाडं? भाडं बी परत देता काय तुमी? मग मलाच द्या की गाळा." आणि मग पुडा माझ्या दिशेने हलवत तो प्रश्न, सायब, तुमाला लिवता येतंय न्हवं.

वाईट हे की म्हातारा बरोबर होता. मागे दोन रकमा, आणि मी 'ती' म्हणून मोकळा. माझी स्वतःची रीत मीच त्या ओळीला लावली नव्हती. बोट ठेवलं होतं, पण कुठला हे विचारलं नव्हतं. तिथे 'अनामत रक्कम' असं नावानेच लिहायला हवं होतं.

पण माझी तक्रार ऐका. 'सदर रक्कम' होतं तेव्हाही ती कुठली हे कळत नव्हतंच! सदर म्हणजे वर सांगितलेली, आणि वर दोन सांगितल्या होत्या. सदरने काहीच बांधलेलं नव्हतं, फक्त भोक झाकलं होतं. वर्षानुवर्षं त्या नमुन्यावर सह्या झाल्या, एकानेही विचारलं नाही, कारण सदर आला की माणूस मान डोलावतो. मी पडदा काढला आणि भोक माझ्या नावावर लागलं. नोंदणी कायद्याच्या कलम 21 लासुद्धा मिळकत ओळखता येईल एवढं वर्णन हवं असतं. सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा ही त्याची साधनं. सदर हवा असं 1908 सालच्या त्या कायद्यात कुठे नाही. पण हे आबांना सांगणार कोण?

रागाने मी उरलेला कागद पुन्हा वाचला आणि बरं झालं वाचला. कारण मी 'अशा'वरही पेन्सिल फिरवली होती. हा इंग्रजी 'सच'चा मराठी मेहुणा. 'भाडेकरूने दुरुस्ती केल्यास अशा दुरुस्तीचा खर्च' इथे 'त्या दुरुस्तीचा' म्हटलं की झालं, कारण बोलणं त्याच एका दुरुस्तीचं आहे. पण पुढे होतं: 'पूर, आग किंवा अशा अन्य आपत्तीमुळे धंदा बंद ठेवावा लागल्यास त्या काळाचे भाडे आकारले जाणार नाही.' त्या झोकात मी तिथलाही 'अशा' उडवला होता. उरलं 'पूर, आग किंवा अन्य आपत्तीमुळे'. सांगलीत पूर म्हणजे काय ते 2019 ला सगळ्यांनी पाहिलंय, त्याबद्दल वाद नाही. पण नुसती 'अन्य आपत्ती' म्हटल्यावर उद्या समोर दुसरी बेकरी निघाली तरी हा गडी म्हणेल, मालक, आपत्ती आली, दुकान बंद, भाडं माफ. इथला 'अशा' बोट दाखवत नव्हता, जात सांगत होता: पुरासारखी, आगीसारखी. 'त्या प्रकारच्या' असं घालून वाक्य जमतं, तर तो 'अशा' ठेवायचा. 'त्याच' घालून जमतं, तर काढायचा. मी गुपचूप परत लिहिला. आबा बघत होते. काही बोलले नाहीत, फक्त एक शेंगदाणा तोंडात टाकला, तेच जास्त लागलं.

पोराने नवी प्रिंट काढली. तीन पानं झाली. पैसे चारचे घेतले, वर करेक्शनचे पन्नास. म्हटलं, करेक्शन तुझ्या हू-चं आहे. म्हणाला, "काका, सदर तुम्हीच काढायला सांगितले." मी दिले. अजून पोटात दुखतंय. या धंद्यात दर पानाला असतो, शब्द कमी करणाऱ्याला कोण दुआ देणार!

मग आबांचा नंबर. आता माझी पाळी म्हणून मी त्यांच्या बक्षीसपत्रात डोकावलो. 'सदर गटातील सदर विहिरीतील निम्मा हिस्सा...' वर वर्णनात विहिरी दोन, एक जुनी दगडी, एक नवी.

"आबा," मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "सदर विहीर म्हणजे कंची?"

आबा चपापले. पुडा खाली ठेवला. वर वाचलं, खाली वाचलं. बराच वेळ विचार केला. माझ्या पन्नास रुपयांतले निदान चाळीस तरी वसूल होत होते.

"लई सोपं हाय," ते पोराला म्हणाले. "जुनीला सदर म्हन आणि नवीला सदरहू."

पोराने टाईप करायला घेतलं.