परिशिष्ट कोणी उघडत नाही, या भरवशावर बनवलेला डेक

सहाव्या स्लाइडवर, छत्तीस पॉइंटात, ठळक: "नव्या ऑनबोर्डिंगमुळे 3 पैकी 2 ग्राहक जास्त समाधानी, गळती 40% ने घटली." खाली डाव्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात: "तपशील: परिशिष्ट, स्लाइड 31."

स्लाइड 31 वर टीमचा ऑर्ग चार्ट आहे.

कोण कोणाला रिपोर्ट करतं याचे चौकोन. समाधान नाही, गळती नाही. परवा रात्री कोणीतरी मध्ये दोन स्लाइड घुसवल्या आणि पुढचं सगळं दोनने सरकलं, एवढंच झालंय. हाताने टाइप केलेला आकडा स्वतःहून बदलत नसतो, हे अजून किती वर्षं सांगायचं? पॉवरपॉइंटमध्ये वर्डसारखा क्रॉस-रेफरन्स नाही, मान्य. पण त्याच डेकमधल्या स्लाइडची हायपरलिंक देता येते, आणि ती स्लाइड कुठेही सरकली तरी लिंक तिच्या मागोमाग जाते. तेही नको असेल तर परिशिष्टातल्या स्लाइडांना "प-7", "प-8" अशी स्वतःची नावं द्या. अर्ध्या मिनिटाचं काम. पण नाही. शोधणारा शोधत बसेल, त्याला दुसरं काय काम आहे!

तर शोधलं. सर्व्हे निघाला 33 वर, गळती 36 वर. आणि खरा मनस्ताप तिथून पुढे.

हेडलाइन एक असली तरी ते एक विधान नसतं, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वरच्या एका ओळीत चार विधानं कोंबली आहेत: 3 पैकी 2 ग्राहक समाधानी आहेत, ते आधीपेक्षा "जास्त" समाधानी आहेत, गळती 40 टक्क्यांनी घटली आहे, आणि हे सगळं ऑनबोर्डिंग"मुळे" झालं आहे. चारही सुटी करून, प्रत्येकाला परिशिष्टात वेगळा पुरावा शोधावा लागतो. ओळ अख्खीच्या अख्खी तपासायला गेलात की एखादा आकडा जुळतो, डोकं "हां, आहे की" म्हणतं, आणि बाकीची तीन विधानं फुकटात आत शिरतात. फसवणूक होते ती अशी. खोट्या आकड्याने फारशी होत नाही. खऱ्या आकड्याचं बोट धरून आत आलेल्या शब्दाने होते.

आता स्लाइड 33. सर्व्हे पाठवला 1,200 ग्राहकांना. उत्तरं आली 180. त्यातले नवी प्रक्रिया वापरलेले 90. त्या नव्वदांत "समाधानी" 42 आणि "खूप समाधानी" 18, म्हणजे 60. साठ भागिले नव्वद, दोन तृतीयांश. गणित बरोबर! म्हणूनच तर चीड येते. कारण मुख्य स्लाइडवर "3 पैकी 2 ग्राहक" लिहिलंय, आणि ते आहेत 3 पैकी 2 "नवी प्रक्रिया वापरून वर सर्व्हेलाही उत्तर देणारे". भागाकारात खाली कोण उभं आहे हे न सांगता टक्केवारी दिली की ती टक्केवारी राहत नाही, जाहिरात होते. हेडलाइनखाली `n=90` लिहायला जागा नव्हती म्हणे. अर्ध्या स्लाइडवर हात मिळवणाऱ्या दोन माणसांचा फोटो टाकायला होती.

पुढचा शब्द, "जास्त". सर्व्हेचा प्रश्न 33 च्या तळाशी जसाच्या तसा दिलाय, त्याबद्दल बनवणाऱ्याचे आभार: "तुम्ही ऑनबोर्डिंगबाबत किती समाधानी आहात?" आधीच्या तुलनेत किती, हे कोणी विचारलेलंच नाही. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर सहाव्या स्लाइडवर कुठून आलं? तुलना करायचीच तर त्याच तक्त्यात शेजारी दुसरा रकाना आहे, जुनी प्रक्रिया वापरलेल्या उरलेल्या नव्वदांचा. तिथे समाधानी 37, खूप समाधानी 20, एकूण 57. म्हणजे अख्खा फरक तीन माणसांचा. नव्वद-नव्वदच्या दोन गटांत निव्वळ योगायोगाने सुमारे 14 टक्केबिंदू इकडे-तिकडे होऊ शकतात, आणि इथला फरक आहे 3.3. त्यातही "खूप समाधानी" जुन्यात 20 आणि नव्यात 18. हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसलेत आणि हेडलाइन लिहिणाऱ्याची नजर तिथून सफाईने घसरून गेली आहे.

आणि मग गळती. स्लाइड 36. तिमाहीवार सरासरी मासिक गळती: जानेवारी ते मार्च 5.0%, एप्रिल ते जून 4.2%, जुलै ते सप्टेंबर 3.6%, ऑक्टोबर ते डिसेंबर 3.0%. पाचावरून तीन, म्हणजे चाळीस टक्के घट. हिशोब पुन्हा बरोबर. (टक्केबिंदूंत ती 2 आहे, पण "2 ने घटली" म्हटल्यावर टाळ्या कोण वाजवणार?) फक्त त्याच स्लाइडवर तक्त्याखाली आठ पॉइंटात लिहिलंय की नवी प्रक्रिया 1 ऑक्टोबरपासून सुरू झाली.

एक ऑक्टोबर. तोवर गळती 5.0 वरून 3.6 वर आलेली होती. दोनपैकी 1.4 टक्केबिंदूंची घट, म्हणजे सत्तर टक्के काम, ऑनबोर्डिंग जन्माला येण्याआधीच झालं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असती तरी समजून घेतलं असतं. इथे फांदी आधीच मोडून खाली पडली होती, कावळा नंतर येऊन तिच्यावर बसला, आणि आता त्याचा सत्कार चाललाय.

उरलेल्या 0.6 चं श्रेय तरी द्यावं म्हटलं. तर 3.0 च्या डोक्यावर एक चांदणी. फक्त त्याच एका आकड्यावर. चांदणीचा अर्थ: "ऑक्टोबरपासून तात्पुरते स्थगित ग्राहक गळतीत धरलेले नाहीत." म्हणजे शेवटच्या तिमाहीत मोजपट्टीच बदलली. स्थगित ग्राहक किती, ते डेकमध्ये कुठेच नाही. त्यामुळे 0.6 पैकी किती घट खरी आणि किती व्याख्येची, हे या डेकवरून कोणाच्या बापाला सांगता येणार नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तपासणारेही यात माती खातात. "परिशिष्टात आधार सापडत नाही" आणि "परिशिष्ट उलटं सांगतं" हे दोन वेगळे शेरे आहेत. "जास्त समाधानी" याला आधार सापडत नाही. कदाचित ते खरंही असेल, दुसरीकडे कुठे पुरावा असेल. "मुळे" या शब्दाच्या मात्र परिशिष्टाच्या तारखाच आड येतात. दोन्हींवर सरसकट लाल शेरा मारला की समोरचा पहिल्याचा पुरावा शोधून आणतो, आणि तुमचा दुसरा, खरा आक्षेप त्याच्याबरोबर वाहून जातो. आणि परिशिष्टाशी जुळलं म्हणजे विधान खरं ठरलं असंही नाही. परिशिष्टातला तक्ता स्वतःच चुकीचा असू शकतो. या तपासणीतून फक्त एवढंच कळतं की डेक स्वतःशी तरी प्रामाणिक आहे का.

विषय निघालाच आहे तर स्क्रीनशॉटवाल्यांचंही बोलून घेऊ. परिशिष्टात चार्टचा फोटो चिकटवणारे लोक. राइट-क्लिक करून डेटा बघावा तर ते चित्र निघतं. शब्द शोधावा तर सापडत नाही. मग पट्टीने बारची उंची मोजा. आणि अक्ष शून्याऐवजी 60 पासून सुरू केलेला, म्हणजे उंची मोजूनही उपयोग नाही. त्याहून वरचढ ते, जे नको असलेली स्लाइड लपवतात. हाइड केलेली स्लाइड एडिटरमध्ये दिसते, शोमध्ये नाही, आणि पीडीएफ काढताना "Include hidden slides" वर खूण नसेल तर तिथेही नाही. मग एकाच डेकवर दोघे भांडत बसतात. एकाच्या हातात 42 स्लाइड, दुसऱ्याच्या हातात 39. म्हणून तपासणी सुरू करण्याआधी फाइल कोणती आणि स्लाइड किती, हे लिहून घ्यायचं. मूर्खपणा वाटतो. करायचा.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर एका ओळीपायी एक्सेलमध्ये सहा रकाने मांडणं (विधान, कोणाबद्दल, किती, कोणत्या काळात, परिशिष्टातली जागा, शेरा) आणि शेऱ्यांना चार रंग देणं, हे निरोगी माणसाचं लक्षण नव्हे. 66.7 ला "3 पैकी 2" म्हटल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते त्याला लोक मीटिंगला का बोलावत नाहीत, हे कोडं नाही. टक्क्यांची बेरीज 101 येते म्हणून मेल करणाऱ्यांपैकी असाल तर तो करू नका. ते राउंडिंग आहे, त्यात कोणी कट रचलेला नाही. ड्राफ्टमध्ये तो मेल अजून पडून आहे, तो भाग वेगळा.

पण एक युक्ती मात्र सोडवत नाही: डेक मागून वाचायचा. आधी परिशिष्टातला तक्ता, मग त्यावरून कोऱ्या कागदावर आपली हेडलाइन, आणि मग मुख्य स्लाइड उघडायची. हेडलाइन आधी वाचली की डोळे तक्त्यात तेवढंच हुडकतात आणि चांदणी दिसतच नाही. 33 आणि 36 वरून निघालेली हेडलाइन अशी होती: "नवी प्रक्रिया वापरलेल्या 90 पैकी 60 जण समाधानी, जुनी वापरलेल्या 90 पैकी 57, गळती जानेवारीपासूनच घटते आहे, शेवटच्या तिमाहीची व्याख्या वेगळी."

कळवली. उत्तर आलं: "पॉइंट बरोबर आहे, पण यात पंच नाही. डायरेक्शन तर तीच आहे ना?" वर तो हसणारा पिवळा गोळा.

आज सकाळी सुधारलेली फाइल आली. "जास्त" काढलाय. "मुळे" च्या जागी "नंतर" आलंय, तेही ऑक्टोबरच्या आधीच्या घटीसकट. `n=90` आलाय, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात. आणि खाली कोपऱ्यात अजूनही लिहिलंय: तपशील, स्लाइड 31.