विरामचिन्हं इंग्रजीची, म्हणून नियमही इंग्रजीचेच?

“विरामचिन्हं इंग्रजांनी आणली, तेव्हा नियमही त्यांचेच पाळा. वाक्याच्या सुरुवातीला ‘हिवाळ्यात’, ‘मात्र’ असं काही आलं की पुढे स्वल्पविराम हवाच. ‘की’ लिहिलं तर अवतरणचिन्ह नको. पूर्णविराम नेहमी अवतरणचिन्हाच्या आत.”

सुरुवातीचं अर्धं वाक्य कबूल. मोडीतल्या जुन्या पत्रांत ही चिन्हं सापडत नाहीत. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी ती मराठीत रुजवली. पण चिन्हं आली म्हणून मराठी वाक्याची घडण बदलली नाही. कोण, कुठे, कधी हे आपल्याकडे प्रत्यय सांगतो आणि क्रियापद सहसा शेवटी येऊन वाक्य मिटवतं. इंग्रजीत जिथे स्वल्पविराम लागतो तिथे मराठीत बऱ्याचदा ‘-त’ किंवा ‘-ऊन’ ते काम उरकून बसलेला असतो.

जळगावच्या एका अंकासाठी भरीत पार्टीवरचा लेख माझ्याकडे संपादनाला आला होता. आधी कुणीतरी त्यावर हात फिरवलेला होता. सुरुवात अशी:

हिवाळ्यात, आमच्या शेतात भरीत पार्टी असते. मात्र, वांगी पारखून घ्यावी लागतात. आजी, वांगी तुराट्यांवर भाजून, सोलून, ठेचून, त्यात हिरवी मिरची, लसूण, आणि कांद्याची पात घालते.

‘हिवाळ्यात’ला ‘-त’ आहे, तो पुरेसा आहे. ‘मात्र’ हा शब्द मराठीत ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या पाठोपाठ येतो. त्याला उचलून वाक्याच्या तोंडाशी बसवणं आणि पुढे स्वल्पविराम देणं ही इंग्रजी बातमीच्या भाषांतराची सवय आहे. नुसता स्वल्पविराम खोडून भागत नाही, शब्दच जागेवर न्यावा लागतो: ‘वांगी मात्र पारखून घ्यावी लागतात.’

सगळ्यात वाईट आहे तो ‘आजी’पुढचा स्वल्पविराम. मराठीत नावापुढे असा स्वल्पविराम आला की ती हाक होते. ‘आजी, वांगी’ एवढं वाचल्यावर वाटतं, कुणीतरी आजीला वांगी आणायला सांगतंय. वाक्याच्या शेवटी ‘घालते’ येईपर्यंत वाचक फसलेलाच राहतो.

‘भाजून, सोलून, ठेचून’ ही एका जातीच्या क्रियांची रांग आहे, म्हणून मधले दोन स्वल्पविराम बरोबर. ‘ठेचून’नंतरचा जातो, कारण तिथे रांग संपून मुख्य वाक्य सुरू होतं आणि ते ‘-ऊन’ने आधीच जोडलेलं आहे. यादीत ‘आणि’ आलं की त्याआधीचाही जातो. आठातले तीन उरले:

हिवाळ्यात आमच्या शेतात भरीत पार्टी असते. वांगी मात्र पारखून घ्यावी लागतात. आजी वांगी तुराट्यांवर भाजून, सोलून, ठेचून त्यात हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालते.

आता ‘की’. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं स्वतःच्या वाक्यात गुंफलं की ‘मी’चा ‘तो’ होतो, काळही बदलतो. त्यामुळे तिथे अवतरणचिन्हाची गरजच उरत नाही. मराठीत ‘की’नंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहतो. याच लेखात पुढे होतं: ‘काका म्हणाले की मी मिरची जास्त टाकली.’ मिरची कुणी टाकली? लेख प्रथमपुरुषी असल्याने ‘मी’ काकाही असू शकतात, लेखकही. लेखकाला फोन करून विचारलं. टाकणारे काकाच निघाले. मग वाक्य असं झालं:

काका म्हणाले, “मी मिरची जास्त टाकली.”

‘की’ ठेवूनही अवतरणचिन्ह देता आलं असतं, त्यात चूक काही नाही. लेख तृतीयपुरुषी असता तर मी तिथे हात लावला नसता.

पूर्णविरामाचं म्हणाल, तर ‘नेहमी आत’ हा अमेरिकी छपाईचा रिवाज. ब्रिटिश छपाईत तो अर्थ पाहून आत किंवा बाहेर जातो, म्हणजे ‘इंग्रजीचा नियम’ही एक नाही. वरच्या वाक्यात काकांचं अख्खं वाक्य अवतरणात आहे, म्हणून पूर्णविराम आत. बाहेर दुसरा द्यायचा नाही. पण ‘या बेताला आम्ही म्हणतो “भरीत पार्टी”.’ इथे अवतरणात फक्त नाव आहे आणि संपतंय ते माझं वाक्य, म्हणून बाहेर.

“मिरची जास्त झाली,” काका म्हणाले. या रचनेतला आतला स्वल्पविराम मराठी पुस्तकांत मुरलेला आहे, मी तो काढत नाही. मध्ये ‘असं’ आलं तर काढतो: “मिरची जास्त झाली” असं काका म्हणाले. जोडायचं काम ‘असं’ करतंच. काही संपादक तिथेही ठेवतात. त्यावर मी भांडणार नाही, फक्त एकाच लेखात दोन्ही पद्धती नकोत.

त्या लेखात अजून एक स्वल्पविराम होता, आकड्यातला. वांग्यांची उलाढाल ‘१,२५०,००० रुपये’ छापायला निघाली होती. ते साडेबारा लाख. आपल्याकडे लिहायचे १२,५०,०००.