बुधवार, दुपारी बारा

आज सकाळी पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता पानवाल्यानं विचारलं, "बुधवारी बारा वाजता न?" मागे दूधवाला उभा होता. तो म्हणाला, "नाही होत त्याच्यानं." माझं इंटर्नशिपचं काम कधी संपणार, यावर आर्वीकडच्या आमच्या या गावात आता पैजा लागायच्या बाकी आहेत.

थोडक्यात सांगतो. विहिरींच्या पाहणीचे हातानं भरलेले 600 फॉर्म स्कॅन होऊन आले होते आणि ते एक्सेलमध्ये चढवायचे होते. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचची. ती चुकली. मंगळवारी दुपारी मी इंटर्नशिपच्या पुण्यातल्या मॅडमना माफीचा मेल लिहायला बसलो.

बसलो ते पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. आमच्याकडे रेंज तिथंच येते, तेही सातव्या पायरीपासून. सहाव्या पायरीवर बडे बाबू बसतात. तालुक्याच्या एका कचेरीत 34 वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेत आणि पोराच्या व्हिडिओ कॉलची वाट पाहत असतात. पोराचा कॉल रोज येतोच असं नाही, त्यामुळे त्यांना वेळ भरपूर.

"काय लिहून राहिला बे?"

"माफीचा मेल, बाबूजी. काम वेळेवर नाही झालं."

"मंग माफी कायले? माफी म्हनजे कबुलीजबाब. एकदा फाइलीले लागला का जलमभर निंगत नाही. कारन दे! डीपी जळाली होती न आपली?"

जळाली होती, खोटं नाही. शनिवार-रविवार गाव अंधारात होतं. लाइनमन दोन्ही दिवस "आज होऊन जाईन" म्हणत होता. मीही पहिलं वाक्य तेच लिहिलं होतं : विजेच्या समस्येमुळे काम होऊ शकलं नाही. किती छान वाक्य! यात मी कुठंच नाही. काम आपलं आपण झालं नाही.

पण मग हिशेब केला आणि घात झाला. डीपीपायी माझे फार तर सात तास गेले. तासाला चौदा फॉर्म या माझ्या वेगानं ते 98 फॉर्म. बाकी होते 260. म्हणजे रात्रंदिवस लाइन असती तरी 162 उरलेच असते. ते कुणी जाळले? एक दिवस चुलत बहिणीच्या लग्नात गेला आणि दोन दिवस 'अजून लय टाइम आहे' यात. शिवाय मुळातला अंदाजच चुकला होता. सुरुवातीचे दहा फॉर्म सुवाच्य निघाले, दोन मिनिटांत एक झाला, आणि मी लगेच 600 ला 20 तास धरले. पुढच्या गठ्ठ्यात विहिरीची खोली कुणी फुटात लिहिलेली, कुणी हातात, कुणी परसात. परस म्हणजे उभ्या माणसाएवढं माप. पण माणूस केवढा, हे फॉर्मवर नव्हतं.

तसा मी एकटा नाही. 1994 साली मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. सरासरी 34 दिवस, म्हणाले. लागले 55 च्या वर. गंमत पुढंच आहे : 'सगळं वाईटात वाईट घडलं तर?' असं विचारल्यावरही त्यांनी 49 च्या आतच सांगितलं होतं. म्हणजे संकटं मोजून घेतली तरी माणूस स्वतःबद्दल आशावादीच. म्हणून या वेळी मी मनाला विचारलंच नाही, झालेल्या कामाची वही काढली. तासाला चौदा. दिवसाला खरोखर बसलो ते सरासरी साडेतीन तास. ठरवले होते आठ. 260 फॉर्मना 19 तास, म्हणजे बुधवार ते सोमवार सहा दिवस. मंगळवारी तपासणी. बुधवारी दुपारी बारा.

ही तारीख बाबूजींनी माझ्या खांद्यावरून वाचली आणि ते अक्षरशः उठून उभे राहिले.

"तारीख? तारीख कायले देतं बे? पागल झाला का?"

"मग काय लिहू?"

"'लवकरच.' नाही तं 'यथावकाश'. लयच बोंबलले तं 'कार्यवाही सुरू आहे'. चौतीस वर्षं नोकरी केली, एकाले तारीख नाही देल्ली. तारीख चुकते. 'लवकरच' कधी चुकलं का? सांग!"

मला उत्तर सुचेना. शास्त्र म्हणून ते निर्दोष होतं. मी नुसतं विचारलं, "बाबूजी, तुमच्या थकबाकीचं काय झालं?"

ते खाली बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लवकरच म्हन्ते साले."

यावर हसू यायला हवं होतं. पण आमच्या गावाचा रस्ता लवकरच आहे, नळाला पाणी लवकरच आहे, पीकविम्याचे पैसे लवकरच आहेत. त्या एका शब्दावर अख्खा जिल्हा ताटकळत बसलाय, आणि त्यातला एक शब्द मी पुण्याला पाठवणार होतो. शेवटी तीन तासांनी मेल गेला तो असा :

"मॅडम, 600 विहिरींच्या नोंदी सोमवारी पाचपर्यंत द्यायच्या होत्या, त्या दिल्या नाहीत. आधी कळवलंही नाही, त्याबद्दल माफ करा. मी तीन दिवस उशिरा सुरुवात केली आणि अक्षर व मापांमुळे लागणारा वेळ कमी धरला. दोन दिवस वीज नव्हती, पण ते मुख्य कारण नाही. 340 नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्या अजून तपासलेल्या नाहीत. उरलेल्या 260 तपासून पुढच्या बुधवारी दुपारी 12 पर्यंत देतो. शुक्रवारी संध्याकाळी किती झाल्या ते कळवतो. एखाद्या गावाच्या नोंदी आधी हव्या असतील तर त्या आधी घेतो."

उत्तर चार मिनिटांत आलं : "नोटेड."

बस. रागवा, दोन शब्द सुनवा, निदान 'बरं' म्हणा! इतकं खरं तर मी घरीसुद्धा बोलत नाही. तीन तास उन्हात, लोखंडी पायरीवर, आणि 'नोटेड'. बाबूजी म्हणाले, "पाहाय, लागला फाइलीले." आणि संध्याकाळी पारावर त्यांनी माझा मेल तारखेसकट सगळ्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला. स्मरणशक्ती अजून कचेरीतलीच आहे.

काल शुक्रवार. हिशेबानं 147 व्हायला हवे होते, 131 झाले. तेवढेच कळवले. 129 उरलेत, नऊ-सव्वानऊ तासांचं काम, आणि आज धरून तीन दिवसांत हाताशी साडेदहा तास. पुन्हा "नोटेड" आलं. या वेळी मात्र पूर्णविरामाशिवाय. मी ते चांगलं लक्षण धरलं आहे.

पानठेल्यावरून टाकीवर आलो तर बाबूजी आज सातव्या पायरीवर, माझ्या जागेवर. हातात थकबाकीची फाइल.

"एक मेल लिहून दे मले. त्यायले म्हना, तारीख द्या."

"लिहितो. सांगा."

"लिही. उपरोक्त विषयान्वये..."

'विषयान्वये' टाइप होईपर्यंत दोनदा रेंज गेली. मग त्यांनी निवृत्तीच्या दिवसापासून सगळं सांगितलं, जेवणाच्या मेन्यूसकट. अर्धा तास गेला. सात विहिरी.