मधला रकाना चमकवावा कसा

लातूरच्या एखाद्या मंगल कार्यालयात, कृषी सेवा केंद्रवाल्यांपुढे तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला उभे राहणार असाल, तर सगळी बुद्धी एकाच स्लाइडवर खर्च करा: तीन प्लॅन, तीन किमती आणि मधला चमकणारा. आधीच्या बावीस स्लाइडना लोक चहाची वाट बघत असतात. किमती आल्या की माना वर होतात.

प्लॅनची नावं बीज, रोप आणि पीक ठेवा. कुठला प्लॅन कुणासाठी, हे यातून अजिबात कळत नाही, म्हणजे नावं जमली. ‘एक दुकान’, ‘एक दुकान आणि उधारी’, ‘अनेक दुकानं’ असं लिहिलंत तर माणूस आपला रकाना आपणच शोधील, मग तुम्ही माइक धरून करायचं काय?

बीज ४,९९९, रोप ९,९९९, पीक २४,९९९. यातलं पीक विकण्यासाठी नाहीच. ते शेजारी उभं असलं की ९,९९९ माणसात आल्यासारखे वाटतात. ग्राहक दोन्ही टोकं सोडून मधलं उचलतो, हे मार्केटिंगचे संशोधक इतामार सायमनसन यांनी १९८९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. पैठणी आधी उलगडायची आणि मग मधल्या भावाची साडी काढायची, हे आपल्या साडीवाल्याला कुठलाही प्रयोग न करता ठाऊक असतं. फक्त पीक १२,९९९ ला ठेवू नका. एवढ्या थोड्या फरकाला लोक थेट वर चढतात आणि तुमचा लाडका मधला रकाना नुसती पायरी होऊन बसतो.

किंमत मात्र वर्षाची लिहायची नाही. ‘दरमहा फक्त ८३३’ हे टपोऱ्या अक्षरांत, आणि ‘रक्कम वर्षाची एकदम, अधिक १८ टक्के जीएसटी’ हे आठ पॉइंटमध्ये, तळाशी, करड्या रंगात. समोरचे लोक रोज जीएसटीची बिलं फाडतात, त्यांना ११,७९८ रुपये ८२ पैसे तोंडी काढता येणार नाहीत असं धरून चाला. (ऑनलाइन विक्रीत किंमत अशी थेंबाथेंबाने उघड करणं केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांच्या यादीत घातलंय. तुम्ही मंगल कार्यालयात आहात, निवांत राहा.)

आता ओळी. किमान अठरा घ्या. त्यातल्या चौदा अशा, की तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण. टिकाच टिका दिसल्या की भरभरून दिल्यासारखं वाटतं. खरा फरक ज्या ओळीत आहे, ती सोळाव्या नंबरवर ढकला. इथे ती ओळ उधारीची. खरिपात बियाणं-खत उधारीवर जातं आणि सोयाबीन बाजारात आलं की पैसे येतात. म्हणजे कुणाकडे किती राहिले हे बीजमध्ये दिसत नाही आणि रोपमध्ये दिसतं, एवढ्यावरच जास्तीचे पाच हजार सुटणार आहेत. ती ओळ सगळ्यात वर ठेवून बाकीच्या चौदा ‘तिन्हींत समान’ अशा एका वाक्यात गुंडाळल्या, तर स्लाइड मागच्या खुर्चीवरून वाचता येईल. असला आगाऊपणा नको.

राहता राहिली चमक. मधल्या रकान्यामागे फिकट पिवळा रंग द्या. लॅपटॉपवर तो हळदीसारखा खुलतो, आणि दुपारी बारा वाजता, खिडक्या उघड्या असताना, प्रोजेक्टरवर पार उडून जातो. स्लाइडची काळी-पांढरी प्रिंट काढली असती तर हे आदल्या रात्रीच दिसलं असतं. डोक्यावर गडद पट्टी, त्यात पांढरी अक्षरं आणि रकाना दोन बोटं उंच, एवढं त्या प्रिंटमध्येही टिकतं. पण तुम्ही पिवळ्यावरच थांबा. वर ‘सर्वाधिक पसंती’चा बिल्ला लावा, सॉफ्टवेअर अजून एकालाही विकलेलं नसलं तरी. बाकीचे दोन रुसू नयेत म्हणून एकाला ‘किफायतशीर’ आणि दुसऱ्याला ‘प्रीमियम’ चिकटवा. मग तिन्ही चमकतात, म्हणजे एकही चमकत नाही.

एवढं झालं की तिसऱ्या रांगेतून हात वर येईल.

“साहेब, ते मधलं कशाला चमकायलंय?”

“तुमच्यासारख्या दुकानदारांसाठी तीच आमची शिफारस आहे, काका.”

“आमची दुकानं तीन हायेत. ते शेवटचं द्या, चोवीस हजाराचं. जीएसटी धरून साडेएकोणतीस होतील, चेक आणलाय.”

सभागृह वळून बघेल. पीक कुणी मागणार नाही म्हणून ‘अनेक दुकानं’ ही सोय अजून लिहायचीच राहिली आहे, हे फक्त तुम्हाला आणि संभाजीनगरला बसलेल्या तुमच्या प्रोग्रामरला माहीत. तुम्ही घाईघाईने पुढची स्लाइड लावाल. तीवर ‘धन्यवाद’ असेल.

“अन् उदगीरचा स्टॉक अहमदपूरच्या दुकानात दिसतो ना? तेवढं आत्ता चालू करून दाखवा.”