अर्ज मागे घेऊ नका, एक पत्र पाठवा

"अर्ज 'अंडर रिव्ह्यू' असताना नवीन सर्टिफिकेट मिळाले तर एचआरला मेल करू नका, अर्ज यादीच्या तळाला जातो. जुना अर्ज मागे घ्या आणि नव्या रेझ्युमेने पुन्हा भरा. परीक्षा दिली असेल तर निकालाची वाट न पाहता 'सर्टिफाइड' लिहून टाका, कोणी तपासत नाही."

इंदूरला रामबागेत राहणारा माझा भाचा हा संदेश वाचून पुण्यातील एका कंपनीकडे केलेला अर्ज मागे घेण्याच्या तयारीत होता. "मावशी, सगळे हेच सांगतात," असे तो म्हणाला, तेव्हा मला राग आवरला नाही, कारण मी अकरा वर्षे भरतीचेच काम केले आहे आणि या सल्ल्याने हातची संधी घालवलेली मुले पाहिली आहेत.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मेल भरती अधिकाऱ्याच्या पेटीत येतो, तर अर्ज कंपनीच्या भरतीप्रणालीत असतो. मेल आल्याने अर्जाची तारीख बदलत नाही. अधिकारी फार तर उमेदवाराच्या नोंदीत एक टिपण जोडतो. एवढे मात्र मान्य करते की आठवड्यातून तीनदा विचारणा करणारा उमेदवार नकोसा होतो, आणि दोन तासांचे व्हिडिओ पाहून मिळालेले प्रशस्तिपत्र कळवण्यासारखे नसते.

खरे नुकसान दुसऱ्या सल्ल्यात आहे. अर्ज मागे घेतला की त्या पदासाठीची तुमची नोंद बंद होते. प्राथमिक चाळणीत कोणी अनुकूल शेरा लिहिला असेल किंवा कंपनीतल्या ओळखीच्या व्यक्तीने तुमची शिफारस नोंदवली असेल, तर तेही त्या बंद नोंदीबरोबर मागे पडते. अनेक कंपन्यांच्या पोर्टलवर त्याच पदासाठी दुसऱ्यांदा अर्ज स्वीकारलाच जात नाही. त्यातही वाईट म्हणजे, अर्ज तपासणीत असताना पुष्कळदा जाहिरात बंद झालेली असते. भाच्याच्या बाबतीत नेमके तेच झाले होते: त्याचा अर्ज 3 तारखेचा, जाहिरात 12 तारखेला बंद झालेली आणि परीक्षेचा निकाल 15 तारखेचा. त्याने अर्ज मागे घेतला असता तर पुन्हा भरायला जागाच उरली नसती.

पोर्टलवर नुसता नवा रेझ्युमे चढवूनही काम भागत नाही, कारण बहुतेक ठिकाणी तो तुमच्या खात्यात बदलतो, आणि आधी पाठवलेल्या अर्जासोबत जुनीच प्रत राहते. म्हणूनच पत्र लागते.

तिसरा सल्ला तर सरळ फसवणुकीचा आहे. भाच्याने ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा दिली होती. तिचा निकाल यायला पाच कामाचे दिवस लागू शकतात. उत्तीर्ण झाल्यावर जे प्रमाणपत्र मिळते त्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो, आणि तो aws.amazon.com/verification या पानावर टाकून कोणीही प्रमाणपत्र खरे आहे का ते पाहू शकतो. निकालाआधी हा क्रमांक अस्तित्वातच नसतो. पुढे पूर्वेतिहासाच्या तपासणीत तारखा जुळल्या नाहीत, तर हातात आलेले नियुक्तिपत्रही रद्द होऊ शकते.

मग आम्ही काय केले ते सांगते. निकालानंतर क्रेडली या संकेतस्थळावरून प्रमाणपत्राचा डिजिटल बॅज स्वीकारण्याचा मेल येतो. तो स्वीकारून भाच्याने बॅज सर्वांना दिसेल असा ठेवला. पाठवण्याआधी मी त्याला दुवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगइन न करता उघडायला लावला, आणि तो उघडला नाही, कारण त्याने पत्त्याच्या पट्टीतून स्वतःच्या खात्याच्या पानाचा दुवा उचलला होता. अधिकाऱ्याला तो दुवा कोराच दिसला असता. बॅजचा सार्वजनिक दुवा घेतल्यावर अडचण सुटली.

अर्जाची पोच ज्या मेलने आली होती तिथे प्रत्युत्तर स्वीकारले जात नव्हते, म्हणून त्याने आधी फोन करणाऱ्या भरती अधिकाऱ्याच्या जुन्या मेललाच उत्तर दिले आणि विषयात पदाचा क्रमांक लिहिला. मजकूर पाच वाक्यांचा होता: 3 तारखेला या पदासाठी अर्ज केला आहे, त्यानंतर 15 तारखेला अमुक प्रमाणपत्र मिळाले (येथे पूर्ण नाव, "असोसिएट" या शब्दासह), पडताळणीचा दुवा आणि क्रमांक असे आहेत, शक्य असल्यास अर्जासोबत याची नोंद घ्यावी, अद्ययावत रेझ्युमे जोडला आहे. तारीख मुद्दाम घातली, कारण "हे प्रमाणपत्र आहे का?" या अर्जातील प्रश्नाला त्याने 3 तारखेला "नाही" असे खरे उत्तर दिले होते, आणि ते उत्तर व नवा रेझ्युमे एकत्र पाहणाऱ्याला विसंगती वाटू नये. असे उत्तर ज्या ठिकाणी अर्ज आपोआप बाद करते, तिथे या पत्राचा उपयोग अधिकाऱ्याने स्वतः नोंद बदलली तरच होतो.

दुसऱ्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले की नोंद घेतली आहे. आता निर्णय येईपर्यंत तो पुन्हा लिहिणार नाही, आणि मुलाखतीला बोलावले तर प्रमाणपत्राची छापील प्रत सोबत नेईल.