पट्टा का दिला, बिंदू का नाही

★☆☆☆☆ "फोटो कुठून काढला एवढंच विचारलं होतं. तीन दिवस फोटोत काय फेरफार आहे तेच बघत बसले. फाइलवर तारीख होती, तीही मानली नाही. शेवटी हातात ठिकाण नाही, एक लांबलचक पट्टा!"

नमस्कार. पहिल्याच दिवशी फोन करून अडचण सांगायला हवी होती. ती चूक आमची.

तारखेचं आधी सांगतो. तुमची फाइल PNG होती, रुंदी बरोब्बर 1080 पिक्सेल, आणि कॅमेऱ्याचं नाव वा भिंगाची माहिती तिच्यात कुठेच नव्हती. मोबाइलचा कॅमेरा सहसा JPEG किंवा HEIC जतन करतो. म्हणजे हा स्क्रीनशॉट, आणि ती तारीख स्क्रीनशॉट घेतल्याची. फोटो त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो.

खरा वेळ गेला तो कापाकापीत. उजव्या कोपऱ्यात एक वॉटरमार्क अखंड आहे, पण डाव्या कडेला दुसऱ्याची अर्धीच अक्षरं उरली आहेत. पहिल्यांदा टाकल्यानंतर कुणीतरी डावी बाजू कापली आणि मग आपला शिक्का मारला, असा त्याचा अर्थ. किती कापली हे भिंगाने सांगितलं. भिंगामुळे सरळ रेषा मध्यापासून बाहेर फुगतात; मूळ फोटोच्या मध्यातून जाणारी रेषा मात्र सरळच राहते. तुमच्या फोटोत उजवीकडच्या इमारतीची कड उजवीकडे फुगलेली, डावीकडची भिंत किंचित डावीकडे, आणि विजेचा खांब ताठ. तो खांब डाव्या कडेपासून 300 पिक्सेलवर आहे. मध्य तिथे असेल तर त्याच्या उजवीकडे 780 पिक्सेल उरतात, म्हणजे डावीकडचे निदान 480 गेले. (एकाच खांबावर विसंबत नाही, खांबच वाकडा असू शकतो. म्हणून तिन्ही रेषा.)

यामुळे काय बिघडतं? उजवीकडून काहीच कापलं नाही आणि भिंग आडवं 70 अंश बघणारं होतं असं धरा. मग उरलेल्या तुकड्यात फक्त 50 अंश दिसतात, आणि कॅमेऱ्याचा रोख चित्राच्या मधोमध नसून सुमारे 12 अंश डावीकडे होता. हे न बघता मोजणी केली असती तर एक किलोमीटरवरच्या टॉवरच्या हिशेबात दोनशे मीटरची चूक सहज आली असती. आणि भिंग नेमकं कोणतं हेच माहीत नाही, म्हणून बिंदूऐवजी पट्टा. नव्या मोबाइलने हा फुगवटा आधीच पुसला असता तर एवढंही कळलं नसतं.

ज्यांनी पहिल्यांदा हा फोटो टाकला त्यांच्याकडून मूळ फाइल मिळाली तर पाठवा. पट्टा आवळून देतो, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही.